उत्तर आल्यानंतरचे तीन सेकंद

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात मी सहावीच्या वर्गावरचा माझाच एक गणिताचा तास मोबाईलवर ध्वनिमुद्रित केला. मोबाईल टेबलाच्या खणात ठेवला होता, त्यामुळे मुलांना तो दिसत नव्हता आणि दहाएक मिनिटांनी मीही त्याला विसरले. विषय दशांश अपूर्णांकांचा होता. तास चांगला झाला, वर्ग बोलका होता, हात वर येत होते, अशी माझी समजूत होती आणि त्या समजुतीतच मी रात्री ते ध्वनिमुद्रण ऐकायला बसले. पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आले की वर्ग बोलका नव्हता, मी बोलकी होते. मुलांच्या बाजूने जे येत होते ते बहुतेक एका शब्दाचे होते आणि त्यातलेही निम्मे शब्द मीच त्यांच्या तोंडात ठेवलेले होते.

ज्यांनी मराठी शाळेत एखादे वर्ष जरी काढले आहे त्यांना ही पद्धत ओळखीची असेल. शिक्षक म्हणतो, "दशांश चिन्हानंतरचे पहिले स्थान म्हणजे द...?" आणि शेहेचाळीस कंठांतून उरलेले "...शांश!" बाहेर पडते. मग "समजले का?" आणि त्यावर लांबलचक "होऽऽ". हा प्रश्न दिसायला प्रश्न असतो, पण खरे म्हणजे ते वाक्य पुरे करण्याचे आमंत्रण असते. ज्याला काहीच कळलेले नाही तोही शेजाऱ्याच्या आवाजावर आपला आवाज चढवून त्यात सामील होऊ शकतो. मी हे वर्षानुवर्षे करत आले आहे आणि पाढे म्हणून घेताना किंवा नवा शब्द जिभेवर बसवताना त्याचा उपयोगही होतो. पण त्या ध्वनिमुद्रणात सबंध तासभर दुसरे काहीच नव्हते, ही गोष्ट मात्र मला टोचली.

दुसऱ्यांदा ऐकताना मी घड्याळ घेऊन बसले आणि माझा प्रश्न संपल्यापासून पुढचा आवाज येईपर्यंतचा वेळ मोजायचा प्रयत्न केला. मोजता येईना. प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर येत होते, किंवा मीच कुणाचे तरी नाव घेत होते, किंवा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारत होते. अमेरिकेत मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी प्राथमिक विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती घेऊन हीच शांतता यंत्राने मोजली होती, आणि १९७४ साली त्यांनी त्याबद्दल सविस्तर लिहिले. त्यांना आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतो आणि मुलाने उत्तर दिल्यावर एक सेकंदही थांबत नाही. हा वेळ तीन सेकंदांवर किंवा त्याहून पुढे नेला की मुलांची उत्तरे कित्येक पटींनी लांब होतात, "माहीत नाही" कमी होते, मुले आपल्या म्हणण्याला कारण देऊ लागतात आणि एकमेकांच्या म्हणण्यावर बोलू लागतात. शिक्षक वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी जास्त थांबतो आणि मागे पडलेल्यांसाठी कमी, असेही त्यांनी नोंदवले आहे. माझ्या ध्वनिमुद्रणात ते तंतोतंत ऐकू येत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीला मी वाक्य जुळवू देत होते आणि दाराजवळच्या मुलाने "अं..." म्हणताच "बस, दुसरे कोण सांगेल?" असे म्हणत होते. त्याच्यावर मी दया करते आहे, त्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून सोडवते आहे, असे मला त्या वेळी वाटत असे.

रो बाईंच्या मांडणीतली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी शांतता दोन ठिकाणी पाहिली. एक शांतता प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली, दुसरी उत्तर आणि शिक्षकाची प्रतिक्रिया यांच्यामधली. पहिलीबद्दल आम्हाला बी.एड.ला थोडेफार सांगितलेले असते. आधी प्रश्न विचारावा, मग थांबावे आणि मग नाव घ्यावे, कारण नाव आधी घेतले की उरलेला वर्ग विचार करण्यातून मोकळा होतो. दुसरीबद्दल मात्र काही कानावर पडल्याचे मला आठवत नाही. उलट सूक्ष्म अध्यापनाच्या पाठांत आम्हाला प्रबलनाचे गुण असत, म्हणजे उत्तर आले की लगेच "छान", "शाब्बास", "अगदी बरोबर". ती सवय इतकी मुरलेली आहे की ध्वनिमुद्रणात काही ठिकाणी माझे "बरोबर" मुलाच्या शेवटच्या अक्षरावरच येऊन पडलेले आहे.

मी आधी पहिल्या शांततेवर काम सुरू केले आणि त्यात सपशेल फसले. मी ठरवून टाकले की प्रत्येक प्रश्नानंतर मनात संथपणे चारपर्यंत मोजायचे. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "०.८ मध्ये दशांशस्थानी कोणता अंक आहे?" आणि हाताची घडी घालून उभी राहिले. दोन सेकंदांत तीस हात वर होते आणि उरलेले दोन सेकंद सगळे माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहत होते. एका मुलाने शेजाऱ्याला हळूच विचारले, "बाई चिडल्या का?" जे उत्तर मुलाला एक तर येते किंवा येत नाही, त्यासाठी थांबून काही पिकत नाही. सात आठे किती हे चार सेकंदांनी जास्त चांगले आठवत नाही. शांतता ही विचार करायला दिलेली जागा आहे आणि प्रश्नात विचार करण्याजोगे काही नसेल तर ती नुसतीच अवघड पोकळी होते. म्हणून माझी अडचण थांबण्याची नव्हती, माझ्याकडे थांबण्याच्या लायकीचे प्रश्नच फारसे नव्हते.

प्रश्नाची पातळी वाढवायची म्हणजे काय, याबद्दल आमच्या व्यवसायात एक सोपी फसवणूक चालते. पाठ टाचणात आणि प्रश्नपत्रिकेच्या संविधान तक्त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने असतात, आणि "कोण", "केव्हा", "किती" यांनी सुरू होणारा प्रश्न ज्ञानाच्या रकान्यात, तर "का" असलेला प्रश्न वरच्या रकान्यात आपोआप जातो. पण "का" ने सुरू झालेल्या प्रश्नाचे उत्तर काल फळ्यावर लिहून दिलेले असेल तर तो आज केवळ पाठांतराचा प्रश्न आहे. उलट "मोठी संख्या कोणती?" हा साधा दिसणारा प्रश्न, ज्या वर्गाने त्या प्रकारची जोडी आधी पाहिलेली नाही त्याच्यासाठी विचाराचा असू शकतो. प्रश्नाची पातळी त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. उत्तरापर्यंत पोहोचायला मुलाला आज डोक्यात काय करावे लागते, यावरून ती ठरते.

ज्या तासाचे ध्वनिमुद्रण मी ऐकले त्यात मी विचारले होते, "०.८ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती?" तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाने "०.८" म्हटले, मी "शाब्बास" म्हटले आणि पुढे गेले. आता या प्रश्नाकडे पाहते तेव्हा त्याचा दुबळेपणा उघड दिसतो. पर्याय दोनच, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवले तरी निम्म्या वेळा बरोबर येणार. त्याहून वाईट गोष्ट अशी की बरोबर उत्तर चुकीच्या विचारानेही येते. दशांश अपूर्णांकांच्या बाबतीत मुलांचे दोन घोळ नेहमी आढळतात. पहिला घोळ चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचण्याचा आहे. मुले "शून्य पूर्णांक तीन पाच" ऐवजी "शून्य पूर्णांक पस्तीस" म्हणतात, पस्तीस आठापेक्षा मोठे आहेत, म्हणून ०.३५ मोठी. दुसरा घोळ नेमका उलट आहे आणि तो शिकवण्यातूनच जन्मतो. शतांश हा दशांशापेक्षा लहान, म्हणून जिच्यात शतांश आहे ती संख्या लहान, म्हणजे जितकी लांब तितकी छोटी. या दुसऱ्या घोळातल्या मुलाला ०.८ हे अगदी बरोबर उत्तर मिळते. तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलाला शाब्बासकी कशाबद्दल मिळाली, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग एका रविवारी मी बराच वेळ खर्चून एकच प्रश्न तयार केला. ०.६२, ०.४ आणि ०.३५ या तीन संख्या चढत्या क्रमाने लावा. यात काय विशेष आहे ते नीट पाहावे लागते. ज्याला स्थानिक किंमत समजली आहे तो ०.३५, ०.४, ०.६२ असा क्रम लावतो. जो चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्या म्हणून वाचतो त्याच्या मनात चार, पस्तीस, बासष्ट असतात, म्हणून तो ०.४, ०.३५, ०.६२ असा क्रम लावतो. आणि लांब ती लहान मानणारा ०.४ ला सर्वांत मोठी ठरवून ०.३५, ०.६२, ०.४ असे लिहितो. तीन वेगवेगळे विचार, तीन वेगवेगळी उत्तरे. पाटीवर काय लिहिले आहे हे पाहूनच मुलाच्या डोक्यात काय चालले आहे त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. असा प्रश्न ऐन वेळी सुचत नाही, निदान मला तरी सुचत नाही. तो टाचणात लिहूनच न्यावा लागतो आणि एका तासाला असा एक पुरतो.

सोमवारी मी मुलांना आधीच सांगून टाकले की मी प्रश्न विचारल्यावर गप्प राहणार आहे, मी रागावलेली नाही, आणि या वेळात कुणी हात वर करायचा नाही. हात वर करण्याची बंदी मला महत्त्वाची वाटते, कारण पहिला हात वर गेला की शेजारचे डोके थांबते. पाट्या काढायला लावल्या, तिन्ही संख्या फळ्यावर लिहिल्या आणि फळ्यापासून खिडकीपर्यंत सावकाश चालत गेले. हाताची घडी घालण्यापेक्षा हे बरे असते, कारण माझा चेहरा मुलांकडे नसतो आणि त्यावरून उत्तर शोधण्याची त्यांची सोय राहत नाही. चालत जाऊन परत यायला पंधरा-वीस सेकंद लागले. तीन सेकंद हा आकडा उत्तर तोंडी देण्यासाठी ठीक आहे, पण मनात तीन संख्यांची तुलना करायची असेल तर इतका वेळ हवाच. सर्वांत कठीण होते ते मधेच न बोलणे. "लक्षात घ्या, दशांशस्थान बघा" हे वाक्य दोनदा जिभेवर आले. अशी मदत म्हणजे चाललेल्या विचारात टाकलेला दगड असतो, कारण मूल स्वतःचा धागा सोडून शिक्षकाच्या शब्दांमागे येते.

"दाखवा" म्हटल्यावर शेहेचाळीस पाट्या वर आल्या. मी तीन क्रम फळ्यावर लिहिले आणि कोणते बरोबर ते न सांगता प्रत्येकापुढे संख्या मांडली. बरोबर क्रम सतरा जणांचा होता, ०.३५ ला ०.४ च्या वर चढवणारा क्रम एकवीस जणांचा, लांब ती लहान म्हणणारे सहा, आणि दोन पाट्या कोऱ्या. एकवीस हा आकडा पाहून मला धक्का बसला. आधीचा सबंध आठवडा हा वर्ग मला "होऽऽ" म्हणत होता. मुलांवर त्या आकड्यांचा परिणाम वेगळा झाला. आपल्यासारखेच म्हणणारे पुष्कळ आहेत आणि तरीही दुसरे म्हणणारेही पुष्कळ आहेत, हे फळ्यावर दिसल्यामुळे वादाला जागा तयार झाली. आपल्यापेक्षा वेगळा क्रम लिहिलेल्या कुणाला तरी दोन मिनिटे समजावून सांगा, असे मी म्हटले आणि वर्ग मासळीबाजार झाला. शेजारच्या वर्गातून एक सहकारी डोकावून गेल्याही.

त्यानंतरच्या चर्चेतली तीन वाक्ये मी इथे देते, कारण दुसऱ्या शांततेचा अर्थ मला त्यांतून कळला. मधल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ०.४ म्हणजे दहातले चार आणि ०.३५ म्हणजे शंभरातले पस्तीस." एरवी याच ठिकाणी मी "अगदी बरोबर!" म्हणून पुढचे सगळे स्वतः सांगितले असते. त्या दिवशी मी फक्त तिच्याकडे पाहत राहिले. ती थांबली, पाटीकडे पाहिले, आणि तीन-चार सेकंदांनी म्हणाली, "म्हणजे दहातले चार म्हणजे शंभरातले चाळीस होतील." तिचे पहिले वाक्य व्याख्येचे होते, पाठ केलेले असू शकते. दुसरे वाक्य तिने तिथे उभे राहून तयार केले. माझे "बरोबर" त्या दोन वाक्यांच्या मधे पडले असते तर दुसरे वाक्य मी बोलले असते आणि पुढच्या आठवड्यात माझे वाक्य म्हणून ते वर्ग विसरला असता. मी अजूनही बोलले नाही, तेव्हा एकवीसांच्या गटातला एक मुलगा उठला आणि माझ्याकडे न बघता तिला विचारू लागला, "मग ०.४ च्या पुढे शून्य लावून ०.४० लिहिले तर चालेल का?"

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह भयंकर होता, कारण नेमके तेच तर मला शिकवायचे होते. मी म्हटले, "हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे," आणि पुन्हा खिडकीकडे निघाले. मागच्या बाकावरून ठणठणीत आवाज आला की शून्य लावले की संख्या दहापट होते, चारचे चाळीस होतात, तसे. वर्गातल्या बऱ्याच माना हलल्या. मला हे विधान अपेक्षित नव्हते, पण विचार केल्यावर दिसते की ते अगदी साहजिक आहे. पूर्ण संख्यांत शेवटी शून्य लावले की किंमत दहापट होते हा नियम मुलाने चार वर्षे वापरला आहे आणि तो कधी चुकलेला नाही. यावर नुसते बोलून निकाल लागेना, म्हणून मी आलेख कागदाचे तुकडे वाटले. दहा बाय दहाचा चौकोन आखायला लावला आणि सबंध चौकोन म्हणजे एक असे ठरवले. ०.४ म्हणजे दहांपैकी चार उभ्या पट्ट्या रंगवा, ०.४० म्हणजे शंभरांपैकी चाळीस छोटी घरे रंगवा. दोन्ही वेळा रंगलेला भाग तेवढाच निघाला. ०.३५ साठी तीन पट्ट्या आणि चौथीतली पाच घरे रंगली. पुन्हा पाट्या वर आल्या तेव्हा एकवीसांपैकी पाच जण आपल्या जागी राहिले होते आणि त्यांना मी मधल्या सुट्टीत जवळ बसवून घेतले.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पस्तीस मिनिटांच्या तासातली बावीस मिनिटे एका प्रश्नावर गेली आणि सरावसंच तसाच राहिला. चुकीचे विधान वर्गात बराच वेळ मोकळे फिरत राहते, आणि घंटा झाली तर ते तसेच घरी जाते. म्हणून आता मी शेवटची सात मिनिटे राखून ठेवते आणि स्थानिक किमतीचा तक्ता फळ्यावर काढून बरोबर काय आणि का ते मीच स्पष्ट सांगते. चर्चा झाली म्हणून शिकवण्याची गरज संपत नाही, फक्त ऐकणाऱ्याकडे ते ठेवायला जागा झालेली असते. शिवाय शांततेचा फायदा सर्वांना सारखा होत नाही. कोऱ्या पाटीवाल्या दोघांपैकी एकाला थांबण्याने काही मिळाले नाही, कारण त्याचा घोळ त्याहून खूप मागचा, दहाच्या गटांचाच होता. गप्प बसण्याने तो मला दिसला एवढेच.

पुढच्या आठवड्यात मी एक प्रश्न मुद्दाम क्रिकेटमधून घेतला, कारण मुलांच्या आयुष्यात टिंब असलेली सर्वांत परिचित संख्या तिथेच आहे. फळ्यावर लिहिले: "४.३ षटकांत २७ धावा झाल्या. एका षटकामागे किती?" एका मुलाने घरून आणलेल्या कॅल्क्युलेटरवर २७ भागिले ४.३ करून ६.२८ सांगितले. मी थांबले. खिडकीजवळच्या मुलाने, जो गणिताच्या तासाला एरवी आपण होऊन बोलत नाही, मान हलवली आणि म्हणाला, "बाई, चूक आहे. ४.३ म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू. म्हणजे सत्तावीस चेंडू. सत्तावीस चेंडूंत सत्तावीस धावा, म्हणजे षटकाला सहाच." वर्ग गप्प झाला. मी काही म्हटले नाही. मग एक मुलगी म्हणाली की तीन चेंडू म्हणजे अर्धे षटक, म्हणून ४.३ षटके हीच खरी साडेचार षटके, आणि कॅल्क्युलेटरमध्ये ४.५ घालायला हवे होते. कॅल्क्युलेटरवाल्याने घालून पाहिले, सहा आले.

इथे मी दिवसभरातला माझा एकच नवा प्रश्न विचारला: मग त्या टिंबाला दशांश चिन्ह म्हणायचे का? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात कुठेही नाही, हे मुलांनाही ठाऊक होते, त्यामुळे यावेळची शांतता लांब होती. ध्वनिमुद्रणात मी नंतर मोजली, अकरा सेकंद. त्यात एक बाक करकरतो, बाहेर कुणीतरी घंटेच्या दोरीशी खेळते आणि शिपाईमामा त्याला हाकलतात. त्यानंतर दाराजवळून, "अं..." म्हणून सुरू झालेला आवाज येतो: "अं... तिथे पाचनंतर पुढचे षटक लागते, ४.६ नसतेच. आपल्याकडे नऊनंतर. म्हणजे बाई, ०.९ नंतर ०.१० येत नाही?"